सभासद यादी: पूर्ण नाव एकाच कॉलममध्ये, नव्या सॉफ्टवेअरला तीन हवेत. आडनाव कुठलं ते कसं ओळखायचं?

पंचवटीचा_पोऱ्या · सोमवार, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी. नाशिकरोडच्या एका पतसंस्थेत कामाला आहे. हुद्दा क्लार्कचा, पण कॉम्प्युटरचं काही निघालं की हाक मलाच. आमचं जुनं सॉफ्टवेअर बंद होतंय आणि नव्यावाल्यांनी एक कोरी एक्सेल पाठवलीय: `member_no`, `first_name`, `middle_name`, `last_name` आणि पुढे पत्ता वगैरे. ती भरून दिली की ते डेटाबेसमध्ये चढवणार.

आमच्याकडे ८,४१२ सभासद आणि नाव एकाच कॉलममध्ये. आजच्या फाइलमधल्या काही ओळी जशाच्या तशा देतो (नावं बदलली आहेत, घाट तोच):

```
जाधव सुनील दत्तात्रय
सौ.मीना संजय बोरस्ते
भागवत पंडित निकम
कै. आहेर कचरू सखाराम
गावित सोमनाथ
श्री रमेश राव पिंगळे
```

कुठे आडनाव आधी, कुठे शेवटी. हाताने करायचं म्हटलं तर दिवाळी उजाडेल. मॅनेजर साहेब म्हणतात शुक्रवारपर्यंत द्या. एक्सेल २०१६ आहे. काही युक्ती?

एक्सेल_एक्स्प्रेस · रात्री १०:३१

अरे सोपंय भावा. कॉलम निवड, डेटा मेनूत Text to Columns, Delimited, Space, बाजूच्या "Treat consecutive delimiters as one" वर टिक, संपलं. पाच मिनिटांचं काम. नाहीतर शेजारच्या कॉलममध्ये दोन-तीन नावं हाताने लिही आणि Ctrl+E दाब, फ्लॅश फिल बाकीचं आपोआप भरतं. मी आमच्या क्लासची यादी अशीच केली.

सिडको_ताई · रात्री १०:४४

नाव दुरुस्त करायचं असेल तर आधी राजपत्रात द्यावं लागतं ना? माझ्या जावेने लग्नानंतर केलं होतं. प्रतिज्ञापत्र लागतं, अर्ज ऑनलाइन होतो.

पंचवटीचा_पोऱ्या · रात्री १०:४९

ताई, नाव बदलायचं नाहीये, फक्त तीन खणांत वेगळं मांडायचंय. 🙂

@एक्सेल_एक्स्प्रेस दादा, करून पाहिलं. पहिल्या कॉलममध्ये कुठे "जाधव" येतंय, कुठे "सौ.मीना", कुठे "कै.". "श्री रमेश राव पिंगळे"चं आडनाव "राव" झालं. फ्लॅश फिलने तर कमालच केली. वरच्या ओळींत आडनाव आधी होतं म्हणून त्याने खालच्या सगळ्यांचा पहिला शब्द आडनावात टाकला. आता बोरस्ते मावशींचं आडनाव "सौ.मीना" आहे.

टेबलवाले_काका · रात्री ११:२०

एक्स्प्रेस भाऊंचं अर्धं बरोबर आहे. शब्द तोडायला Text to Columns चालतं. पण शब्द तोडणं हे कामच नव्हे, ते कुठलंही सूत्र करतं. खरं काम आहे क्रम ओळखणं, आणि तो एकट्या ओळीकडे बघून नेहमी कळत नाही. "भागवत पंडित निकम" आपण वाचताक्षणी सोडवतो, कारण निकम हे आडनाव आपल्याला माहीत आहे. एक्सेलला माहीत नाही. त्याला ते शिकवायचं, आणि शिकवायला बाहेरून आडनावांची यादी आणायची गरज नाही. ती तुमच्याच आठ हजार नावांत लपलेली आहे.

आधी तीन प्रश्नांची उत्तरं द्या. एक, किती ओळींत किती शब्द आहेत? दोन, सभासद क्रमांक प्रवेशाच्या क्रमाने आहेत का? तीन, मूळ कॉलम तसाच ठेवलाय ना? नसेल तर आत्ता फाइलची प्रत काढा, मग झोपा.

शब्द मोजण्याआधी साफसफाई करावी लागेल. जुन्या सॉफ्टवेअरच्या रिपोर्टमधून कॉपी केलेल्या नावांत पुष्कळदा साध्या स्पेसच्या जागी न तुटणारी स्पेस असते. दिसायला सारखीच, पण TRIM तिला हात लावत नाही आणि Text to Columns तिथे तोडत नाही. म्हणून आधी तिची साधी स्पेस करायची:

```
B2: =TRIM(SUBSTITUTE(A2,UNICHAR(160)," "))
C2: =LEN(B2)-LEN(SUBSTITUTE(B2," ",""))+1
```

C मध्ये शब्दसंख्या येईल. त्याचं पिव्होट टाका इथे.

सातपूरची_शलाका · मंगळवार, सकाळी ८:०५

सौ., श्री., कै. आधी काढायला लागेल, पण Find & Replace ने "श्री" उडवू नका हं! मी एका वाचनालयाच्या यादीत केलं होतं. श्रीकांत झाला "कांत", श्रीराम झाला "राम". मग पुढच्या फेरीत "कु" उडवलं आणि कुसुमताई "सुम" झाल्या. सौरभचा "रभ" झाल्यावर लक्षात आलं.

ओळीच्या अगदी सुरुवातीला असेल आणि लगेच पुढे टिंब किंवा स्पेस असेल तरच काढायचं. "सौ.मीना" सारखं चिकटलेलं असतं म्हणून आधी "सौ." च्या जागी "सौ. " करा (टिंबानंतर स्पेस), मग पहिला शब्द तपासा.

आणि माझी स्वतःची तक्रार. एका ठिकाणी माझं खातं आहे, नाव नाही सांगत. तिथून दर महिन्याला एसेमेस येतो, "प्रिय सौ, आपला हप्ता..." इतकी वर्षं झाली, मी सौच आहे.

टेबलवाले_काका · सकाळी ८:४०

शलाकाताई, अगदी. एक भर: "कै." काढा, पण फेकू नका. ते नाव नाही, माहिती आहे. सभासद मयत आहे हे कदाचित फक्त त्या एका अक्षरात नोंदलेलं असेल. उपाधीचा वेगळा कॉलम करा आणि त्यात श्री, सौ, कै, डॉ, अॅड, ह.भ.प. जे निघेल ते ठेवा. नव्या सॉफ्टवेअरला नको असलं तरी तुमच्या कामाच्या फाइलमध्ये राहू द्या.

पंचवटीचा_पोऱ्या · दुपारी १:५५

काका, उपाधी काढून मोजलं:

```
1 शब्द    21
2 शब्द    871
3 शब्द    6905
4 शब्द    512
5+        103
```

सभासद क्रमांक प्रवेशाच्या क्रमानेच आहेत. मूळ कॉलम जपून ठेवलाय, वर एक पेन ड्राइव्हही.

टेबलवाले_काका · दुपारी २:३०

छान. बाकी सगळं बाजूला ठेवा, फक्त तीन शब्दांच्या ६,९०५ ओळी घ्या. त्या Text to Columns ने तोडा, शब्द १, शब्द २, शब्द ३.

आता नीट बघा. आपल्याकडे तीन शब्दी नाव दोनच पद्धतींनी लिहितात. "जाधव सुनील दत्तात्रय" किंवा "सुनील दत्तात्रय जाधव". दोन्हींत आडनाव कडेला आहे. मध्ये कधीच येत नाही. उलट सुनील एकदा मध्ये आहे, एकदा कडेला. दत्तात्रय एकदा कडेला, एकदा मध्ये. मीनाही आडनाव आधी लिहिलं की मध्ये जाते. म्हणजे जो शब्द कडेला भरपूर वेळा येतो आणि मध्ये जवळपास येतच नाही, तो आडनाव.

तिन्ही कॉलममधले सगळे शब्द एकाखाली एक घेऊन Remove Duplicates करा, H मध्ये ठेवा. मग प्रत्येक शब्द कुठे किती वेळा आला ते मोजा:

```
I2: =COUNTIF(E:E,H2)
J2: =COUNTIF(F:F,H2)
K2: =COUNTIF(G:G,H2)
```

E, F, G हे तुमचे शब्द १, २, ३. कडेला निदान तीनदा (I+K) आणि मध्ये शून्य किंवा नगण्य, असे शब्द आडनावांच्या यादीत. एकदम शून्याचा हट्ट धरू नका. "जाधव" चारशे वेळा कडेला आणि दोनदा मध्ये आला, तर त्या दोन ओळींत टायपिंगचा घोळ आहे. त्या ओळी वेगळ्या काढून बघा.

एक्सेल_एक्स्प्रेस · दुपारी २:४१

काका हे भारी आहे 🙏 पण पूर्ण कॉलमवर COUNTIF लावलं तर एक्सेल घरघर करेल.

टेबलवाले_काका · दुपारी २:४४

करेल थोडं. चहा घ्या तोवर. किंवा E$2:E$6906 असा पट्टा द्या.

माळेगल्ली_मालेगाव · दुपारी ४:१०

काका तुमचं "आडनाव मध्ये येत नाही" हे आमच्याकडे येऊन बघा. आमच्या यादीत "शेख रफिक शेख युसुफ" आहे. "अन्सारी मोहम्मद युसुफ मोहम्मद इब्राहिम" आहे. "सलीम खान रहीम खान" आहे. शेख पहिला पण आणि तिसरा पण. खान दुसरा पण आणि चौथा पण. काय करणार?

टेबलवाले_काका · दुपारी ४:३५

तुमचं बरोबर आहे, माझा नियम तीन शब्दांच्या मराठी घाटापुरता आहे. म्हणूनच चार-पाच शब्दांच्या ओळी आधी बाजूला ठेवायला सांगितल्या. "शेख रफिक शेख युसुफ" मी असं लावतो: नाव रफिक, मधलं "शेख युसुफ" जसंच्या तसं, आडनाव शेख. मोहम्मद हा पुढच्या शब्दाचा भाग समजायचा, त्याला एकटं मधल्या खणात टाकायचं नाही. पण हे सूत्राने करू नका. अशा ओळी चाळून, त्या वस्तीतल्या माणसाला शेजारी बसवून करा. मी स्वतः एकदा "मोहम्मद" हे शंभर जणांचं पहिलं नाव करून ठेवलं होतं. मग एसेमेस गेले, "प्रिय मोहम्मद".

ओझरकर · संध्याकाळी ६:०२

आमच्या एचएएल टाउनशिपची यादी केली होती मागे. तिथे "के. वेंकटेश" असायचा. "के." हे वडिलांच्या नावाचं किंवा गावाचं अक्षर, आडनाव नाहीच. शिवाय "सुनिता देवी" आणि "हरप्रीत सिंग". आडनाव मागणाऱ्या खणात काय टाकायचं यावर आमच्या ऑफिसात दोन दिवस वाद. शेवटी टिंब टाकलं.

सातपूरची_शलाका · संध्याकाळी ६:२०

टिंब?? आणि मग आडनावाने शोधायचं तर टिंब टाइप करायचं का.

ओझरकर · संध्याकाळी ६:२८

खण रिकामा सोडला की सॉफ्टवेअर ओळ घेतच नव्हतं, ताई. काय करणार.

पंचवटीचा_पोऱ्या · बुधवार, दुपारी १२:४०

काका, आडनावांची यादी निघाली! जाधव, पगार, आहेर, निकम, बोरस्ते सगळे बरोबर वर. मग प्रत्येक ओळीचा पहिला आणि शेवटचा शब्द त्या यादीत आहे का ते बघितलं. ६,९०५ पैकी:

```
फक्त पहिला यादीत     3980
फक्त शेवटचा यादीत    2611
दोन्ही यादीत          186
एकही नाही            128
```

पहिल्या दोन गटांचं झालं म्हणायचं. उरलेले ३१४ हाताने करू का? "भागवत" आणि "पंडित" नावातही आहेत, आडनावातही आहेत, त्यामुळे मध्येही दिसतात. आणि एक गंमत, "कुऱ्हाडे" यादीत दोनदा आलंय. डोळ्यांना अगदी सारखं.

टेबलवाले_काका · दुपारी १:१५

कुऱ्हाडे आधी. दोन्हींना LEN लावा. एकाची ८ येईल, एकाची ९. अर्धा र दोन तऱ्हांनी टाइप होतो. एकात ऱ हे स्वतंत्र अक्षर आणि हलन्त, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि एक न दिसणारा जोडक. पडद्यावर फरक नाही, पण पोस्टग्रेससारख्या डेटाबेसमध्ये एक लिहून शोधलं तर दुसरा सापडत नाही. सगळे एका तऱ्हेचे करा:

```
=SUBSTITUTE(B2,UNICHAR(2352)&UNICHAR(2381)&UNICHAR(8205),UNICHAR(2353)&UNICHAR(2381))
```

इथे "न दिसणारं आहे ना, उडवून टाका" असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. नुसता जोडक उडवला तर अर्धा र रफार होऊन ह च्या डोक्यावर चढेल.

आता ३१४. थांबा, हाताने नको. प्रत्येक ओळीपुढे एक अक्षर लिहा: आडनाव आधी असेल तर "आ", शेवटी असेल तर "श", ठरत नसेल तर "?". मग सभासद क्रमांकाने लावा आणि तो कॉलम वरून खाली नुसता डोळ्यांखालून घाला. मला काय दिसेल ते माहीत आहे, पण तुम्हीच सांगा.

पंचवटीचा_पोऱ्या · दुपारी ३:०५

काका!! क्रमांक १ पासून साधारण ४,७०० पर्यंत जवळपास सगळे "आ". ५,१०० च्या पुढे जवळपास सगळे "श". मधल्या चारशेत खिचडी.

जुन्या अकाउंटंट काकांना फोन लावला. ते म्हणाले, आधी रजिस्टर मतदार यादीसारखं आडनावापासून लिहायचे. मग नवीन मुलगी लागली, ती अर्जासोबतच्या पॅन कार्डावर दिसेल तसं टाइप करायची. मधे काही महिने दोघंही एकाच मशीनवर बसायचे.

टेबलवाले_काका · दुपारी ३:३०

तर मग तुमच्या बहुतेक "?" चं उत्तर त्यांच्या शेजाऱ्यांकडे आहे. ४,७०० च्या आतला "?" म्हणजे "आ", ५,१०० च्या पुढचा "श". खिचडीच्या पट्ट्यात मात्र हा नियम लावायचा नाही, तिथे कागदी अर्ज काढायचे.

आणि उलटही तपासा. "आ"च्या पट्ट्यात एकटाच "श" दिसला तर तो वेगळा काढा. चूक यादीची असेल किंवा ती ओळ खरंच वेगळी असेल.

पंचवटीचा_पोऱ्या · गुरुवार, सकाळी ११:२०

३१४ पैकी खिचडीत फक्त १९ निघाले. त्यांचे अर्ज काढतोय, सात मिळाले.

"आ"च्या पट्ट्यात एकटे "श" चाळीसेक होते. निम्मे यादीची चूक. पण उरलेले खरे! मयत सभासदाचे शेअर्स वारसाच्या नावे झाले की क्रमांक तोच राहतो, नाव मात्र नवीन टाइप होतं. त्यामुळे जुन्या क्रमांकावर नव्या पद्धतीचं नाव. हे डोक्यातच आलं नव्हतं.

टेबलवाले_काका · सकाळी ११:४५

माझ्याही नाही. म्हणजे काही "?" सुद्धा वारसांचे असू शकतात. वारस नोंदीचं रजिस्टर असेल तर ते क्रमांक काढून "?" शी ताडून बघा. शेजाऱ्यांवरून लावलेल्यांत एक-दोन चुकीचे राहिले असतील, राहतीलही.

आता "आ" आणि "श" कळल्यावर तोडायची सूत्रं. साफ नावांचा B कॉलम नव्या शीटवर घ्या, म्हणजे आधीचे शब्द १, २, ३ पुसले जाणार नाहीत. तिथे D मध्ये पहिला शब्द, E मध्ये शेवटचा, F मध्ये मधलं जे काही उरेल ते सगळं:

```
D2: =LEFT(B2,FIND(" ",B2)-1)
E2: =TRIM(RIGHT(SUBSTITUTE(B2," ",REPT(" ",100)),100))
F2: =TRIM(MID(B2,LEN(D2)+1,LEN(B2)-LEN(D2)-LEN(E2)))
```

"श" असेल तर नाव D, मधलं F, आडनाव E. "आ" असेल तर आडनाव D, नाव F, मधलं E. दोन शब्दांच्या ओळींत F रिकामा येतो, म्हणून "गावित सोमनाथ" ला नाव E मधून घ्यायचं आणि मधलं रिकामं सोडायचं. वडिलांचं नाव नाही तर नाही, ते कुठून तरी आणून भरायचं नाही.

सिडको_ताई · दुपारी १२:१०

मला आता विषय कळला 😄 एक विचारू? माझ्या नातवाच्या दाखल्यावर आईचं नाव पण आहे. त्याचं खातं काढलं तर कुठे बसवणार?

सातपूरची_शलाका · दुपारी १२:२५

छान प्रश्न ताई. १ मे २०२४ पासून जन्मलेल्यांचं शासकीय कागदावर नाव, मग आईचं, मग वडिलांचं, मग आडनाव असंच येतं. म्हणजे "अनया स्वाती नितीन पगार". अज्ञान सभासदांत अशी नावं वाढणार. काकांचं F सूत्र "स्वाती नितीन" दोन्ही मधल्या खणात टाकेल, ते मला ठीक वाटतं.

पण चार शब्दांत "रमेश राव पिंगळे"चे भाऊबंद पण असतील. "बाळा साहेब", "दत्ता त्रय" असे तुटलेले. राव, साहेब, बाई एकटे दिसले तर आधीच्या शब्दाला चिकटवून घ्या. शेवटी असेल तर जपून, राव आडनावही असतं.

पंचवटीचा_पोऱ्या · शुक्रवार, दुपारी ४:५०

मंडळी, फाइल गेली. जायच्या आधी काकांनी फोनवर सांगितलेली तपासणी केली: तिन्ही खण मूळ क्रमाने परत जोडून साफ केलेल्या नावाशी ताडले. ११ ठिकाणी जुळलं नाही. सगळीकडे मीच हाताने दुरुस्त करताना "व"ची जोडखाती तोडली होती. ती आणि अज्ञानाच्या पालनकर्त्याचं नाव जोडलेली "अ.पा.क."वाली वेगळ्या शीटवर ठेवली. `first_name` चं पिव्होट काढून वरची पन्नास नावं वाचली, एकही जाधव नाही.

सेव्ह करताना साधं CSV केलं तर सगळं ?????? झालं. मग CSV UTF-8 निवडलं, तेव्हा मराठी दिसलं. हा पर्याय सुद्धा ऑफिसच्या दोनपैकी एकाच मशीनवर आहे.

आता अडलंय ते टिंबावर. एका शब्दाचे २१ आणि आडनावच नसलेले ३०-३५ जण आहेत. नवीन सॉफ्टवेअरवाले म्हणतात `last_name` रिकामा चालणार नाही.

ओझरकर · संध्याकाळी ५:०५

म्हटलं होतं ना. टिंब.

टेबलवाले_काका · संध्याकाळी ५:३०

टिंब नको. आधी त्यांना लेखी विचारा की खण ऐच्छिक करता येईल का. बहुतेकदा तो डेटाबेसमध्ये एका शब्दाचा बदल असतो, त्यांनाच करायचा नसतो. नाहीच म्हणाले तर काय टाकायचं ते तुमच्या संचालकांनी ठरवावं, तुम्ही नाही. आणि जे टाकाल ते सगळ्यांना एकच टाका, म्हणजे उद्या शोधून काढता येईल.

सातपूरची_शलाका · संध्याकाळी ५:४१

माझं मत, पहिलंच नाव आडनावात पुन्हा टाकावं. "वेंकटेश वेंकटेश" विचित्र दिसेल, पण शोधताना सापडेल तरी.

माळेगल्ली_मालेगाव · संध्याकाळी ५:५८

आणि मग पासबुकावर "वेंकटेश वेंकटेश" छापून आलं की तो माणूस काउंटरवर येईल. तेव्हा पोऱ्याला पुढे करा.

पंचवटीचा_पोऱ्या · संध्याकाळी ६:१०

मेल टाकलाय त्यांना, ऐच्छिक करा म्हणून. सोमवारी उत्तर देतो म्हणाले. तोवर त्या पन्नासेक जणांची शीट वेगळीच ठेवलीय. अर्जांचे अजून १२ मिळायचेत, माळ्यावरच्या गठ्ठ्यात असतील. उद्या शिडी आणतो.